औषधाच्या वेष्टनाचा अनुवाद : सूचना, जाहिरात आणि संदिग्ध अंक
(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



परदेशी असलेली मुले आईवडिलांसाठी औषधे पाठवितात आणि घरची मंडळी बाटलीचे छायाचित्र घेऊन आमच्याकडे येतात. 'यावर काय लिहिले आहे, ते मराठीत द्या,' एवढीच त्यांची मागणी असते. हे काम आम्ही कसे करतो, ते अमेरिकेतील एका वेदनाशामक गोळीच्या उदाहरणाने सांगतो.

प्रथम आम्ही छायाचित्रातील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतो, अनुवाद त्यानंतर. मग त्याचे दोन भाग करतो. 'त्वरित आराम' ही जाहिरात होय. ती वेगळी, खाली लिहितो. मात्र अक्षरांच्या आकारावरून ही विभागणी करता येत नाही. 'एक्स्ट्रा स्ट्रेंथ' हे ठळक शब्द जाहिरातीसारखे दिसतात. पण या औषधाच्या बाबतीत त्यांचा अर्थ एका गोळीत 325 ऐवजी 500 मिलिग्रॅम औषध आहे, असा होतो. म्हणून ते मात्रेच्या भागात जातात. याउलट, बारीक अक्षरांतील 'ॲसिटामिनोफेन' हे नाव सर्वांत महत्त्वाचे ठरते, कारण आपल्याकडे त्याच औषधाला पॅरासिटामॉल म्हणतात. हे मराठीत स्पष्ट लिहिले नाही, तर रुग्ण तापासाठी येथील पॅरासिटामॉलही घेईल आणि मात्रा नकळत दुप्पट होईल.

सूचनेचे वाक्य असे आहे : 'दर 6 तासांनी 2 गोळ्या, 24 तासांत अमुक गोळ्यांहून अधिक घेऊ नयेत.' छायाचित्रात बाटलीच्या वळणावर प्रकाश चमकल्याने तो शेवटचा अंक 6 की 8, हे कळत नाही. 6 गोळ्या म्हणजे 3000 मिलिग्रॅम, 8 म्हणजे 4000. येथे अनुभवही उपयोगी पडत नाही, कारण तेथील काही वेष्टनांवर 6, तर काहींवर 8 असे छापलेले असते. दर 6 तासांनी 2 या हिशेबाने 8 होतात, म्हणून 8 लिहावे, हा तर्कही फसवा आहे. कमाल मर्यादा त्याहून कमी असू शकते. अधिक मात्रेने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तरीही सुरक्षित म्हणून आम्ही 6 लिहून मोकळे होत नाही; तसे केल्यास आमचा अंदाज वेष्टनावरील वचन ठरेल. आम्ही चौकटीत लिहितो : '6 किंवा 8, अस्पष्ट, मूळ बाटली पाहावी.' रुग्णाचे वय, यकृताची स्थिती व इतर औषधे पाहून मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आप्तेष्टांना विनंती अशी की, शक्यतो बाटलीच आणावी. ते शक्य नसल्यास ती थोडी थोडी फिरवून, दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि चौकटीतील शंका मिटेपर्यंत गोळी देऊ नये.