खिळा न ठोकता

नगरला सावेडीत किंवा केडगावात भाड्याचं घर बघायला गेलं, की घरमालक बऱ्याचदा आधीच बजावतात, ‘भिंतीला खिळा ठोकायचा नाही.’ मग आपण चिकट हुक आणतो, आणि दोन दिवसांत तसबीर खाली येते.

दोष बहुतेकदा हुकाचा नसतो, भिंतीचा असतो. भिंतीवर तळहात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. हुक त्या भुकटीला चिकटतो आणि तिच्यासकट सुटतो. अशा भिंतीवर चिकट वॉलपेपरही टिकत नाही, आणि काढताना रंगाचे पोपडे निघतात. वॉलपेपर कपाटाच्या गुळगुळीत दारावर लावा.

हुक लावायचा तो भिंतीवरच्या टाइलवर, लाकडावर किंवा ऑइलपेंटवर. जागा स्पिरिटने पुसून वाळू द्या. ओल्या फडक्याने नगरची धूळ निघते, तेलकटपणा नाही. हुक तीस सेकंद दाबून धरा आणि तासभर काही टांगू नका. अर्ध्या किलोच्या तसबिरीला किलोभर पेलणारा हुक घ्या. खाली शेपटीसारखी पट्टी असेल, तर काढताना ती भिंतीलगत सरळ खाली, सावकाश ओढा. स्वतःकडे ओढली की रंग आलाच.

आणि मोठी तसबीर? ती टांगूच नका. कपाटावर किंवा जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवा. घसरू नये म्हणून खालच्या कडेला रबराचे दोन तुकडे चिकटवा. घरात रांगतं मूल असेल, तर मात्र जमिनीवर टेकवू नका.