डब्याची किंमत नको, ग्रॅमची किंमत बघा

आज जवळ एक पेन आणि वहीचं पान घेऊन बसा. घरात प्रोटीन पावडरचा डबा असेल तर तोही काढून आणा. रिकामा असला तरी चालेल, आपल्याला त्याच्या पाठीमागचं वाचायचं आहे.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले आणि एक मावशी म्हणाल्या, "सुनेला सहावा महिना चालू आहे. अशक्तपणा वाटतोय म्हणून मेडिकलवरून पावडर आणली. ३४० रुपयांचा डबा. पण बरा आहे बाई, सव्वा महिना पुरला." मी विचारलं, "मावशी, किती टाकता?" त्या म्हणाल्या, "रात्री कपभर दुधात एक चहाचा चमचा."

मी म्हटलं, डबा सव्वा महिना पुरला, यातच सगळी गोम आहे. मग आम्ही डबा मागवला आणि सगळ्याजणींनी मिळून त्याचा हिशेब केला. तोच हिशेब आज तुम्हाला सांगते.

डबा हातात घेतला की पुढचं चित्र बघायचं नाही, मागची पोषण माहितीची चौकट बघायची. ती बहुतेक इंग्रजीत असते, घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. आपल्याला तीनच गोष्टी हव्यात. डब्यात एकूण पावडर किती ग्रॅम आहे, १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन म्हणजे प्रथिनं किती ग्रॅम आहेत, आणि एका वेळी किती पावडर घ्यायला सांगितली आहे. चौथा आकडा किंमत, तो तुम्हाला माहीतच असतो.

मावशींच्या डब्यावर होतं, वजन २०० ग्रॅम, आणि १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे २०० ग्रॅमच्या अख्ख्या डब्यात प्रथिनं ६४ ग्रॅम. बाकीचं काय? बाकी साखर, पिष्ट, वास, रंग आणि थोडी जीवनसत्त्वं. आता ३४० रुपयांना ६४ ने भागा. सव्वापाच रुपयांच्या वर येतं. म्हणजे मावशींनी प्रथिनांच्या एका ग्रॅमला सव्वापाच रुपये मोजले.

आता हाच हिशेब आपल्या बाजाराच्या पिशवीला लावू. मी जे भाव धरते ते हिशेबापुरते आहेत. तुमच्या आठवडी बाजारात जो भाव असेल तो तुम्ही घाला. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले. किलोभर शेंगदाण्यांत साधारण २४० ग्रॅम प्रथिनं असतात. एका ग्रॅमला पडले साठ पैशांच्या आत. तुरीची डाळ १३० रुपये किलो, तिच्यात साधारण २२० ग्रॅम, म्हणजे तीही साठ पैशांच्या आसपास. अंडं सात रुपयांना, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे एक रुपया वीस पैशांच्या आत. सोयाबीनच्या वड्या १२० रुपये किलो, त्यांत निम्मा भाग प्रथिनंच असतात, पाचशे ग्रॅमच्या वर. तिथं ग्रॅम पंचवीस पैशांच्याही आत पडतो.

आमच्यातली एक ताई लगेच म्हणाली, "पण डब्यातलं प्रोटीन अंगाला जास्त लागतं, डाळीचं कमी." तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दुधाची आणि अंड्याची प्रथिनं शरीर जास्त चांगली वापरतं. डाळ-दाण्यांची थोडी कमी लागतात. म्हणून तर आपण भाकरीबरोबर वरण खातो. ज्वारीत जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. तरीही शंका नको म्हणून शेंगदाण्याच्या हिशेबातून चौथा भाग वजा करा. ग्रॅम साठ पैशांऐवजी ऐंशी पैशांना पडेल. सव्वापाच रुपये कुठं आणि ऐंशी पैसे कुठं!

आता तिसऱ्या आकड्याकडे येऊ, कारण खरी फसगत तिथं होते. मावशींच्या डब्यावर एका वेळचं माप ३० ग्रॅम लिहिलं होतं. आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर चहाचा चमचा मोजला. सपाट चमच्यात साधारण पाच ग्रॅम पावडर बसली. म्हणजे सुनेच्या पोटात माप जात होतं सहावा हिस्सा. पाच ग्रॅम पावडरीत प्रथिनं दीड ग्रॅमच्या थोडी वर. एका अंड्याच्या चौथ्या भागाइतकी. सव्वा महिना रोज पावडर घेऊन त्या लेकीला प्रथिनांचं जवळजवळ काहीच मिळालं नाही, आणि घरात मात्र सगळ्यांना वाटत होतं की तिचं नीट चाललंय.

बरं, सांगितलेल्या मापानं घ्यायचं म्हटलं तर? रोज ३० ग्रॅम म्हणजे डबा सात दिवसांच्या आत संपतो. रोजचे ५१ रुपये, महिन्याचे १५३० रुपये. दुकानात कुणी आपल्याला १५३० रुपये सांगत नाही. ३४० सांगतात, आणि आपण चमचा लहान करून तो डबा परवडवतो.

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ होती, एका ग्लासात १६ ग्रॅम प्रोटीन. पण ३० ग्रॅम पावडरीत तर साडेनऊच बसतात. मग बाकीचे साडेसहा आले कुठून? बारीक अक्षरात लिहिलं होतं, २०० मिली दुधात घेतल्यास. म्हणजे साडेसहा ग्रॅम आपल्याच दुधाचे! दूध आपलं, आणि नाव डब्याचं. म्हणून ग्लासाचा आकडा कधीच धरू नका. १०० ग्रॅममागचाच आकडा धरा. दोन डबे शेजारी ठेवले तरी तोच आकडा खरी तुलना करून देतो, कारण एकाचं माप २० ग्रॅमचं असतं आणि दुसऱ्याचं ३५ ग्रॅमचं.

लेकरांसाठी जी चॉकलेटच्या वासाची पावडर आणतो, तिचंही मागचं वाचा. अशा बऱ्याच डब्यांवर १०० ग्रॅममागे सात ते अकरा ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. आपल्या गव्हाच्या पिठातसुद्धा दहा-अकरा ग्रॅम असतात. डब्यात पैसा जातो तो साखरेला आणि चवीला.

आता ज्यांची पोरं पोलीस भरतीची तयारी करतात त्यांच्यासाठी. एका ताईंचा मुलगा एक किलोचा व्हे पावडरचा डबा मागत होता, २४०० रुपयांचा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतली प्रथिनं. ताईंना वाटलं, ३४० चा स्वस्त आणि हा महाग. हिशेब करा. त्यावर १०० ग्रॅममागे ८० ग्रॅम प्रथिनं होती. म्हणजे डब्यात ८०० ग्रॅम. २४०० भागिले ८००, ग्रॅमला तीन रुपये. महाग दिसणारा डबा स्वस्त दिसणाऱ्यापेक्षा स्वस्त निघाला. हेच व्हे १२० रुपयांच्या ३० ग्रॅमच्या पुडीत घेतलं तर तिच्यात २४ ग्रॅम प्रथिनं, ग्रॅमला पाच रुपये. पुडी हातात परवडते, हिशेबात नाही. तरीसुद्धा तीन रुपये हे अंड्याच्या अडीचपट आहेत. त्या पोरानं रोज चार अंडी खाल्ली तर २८ रुपयांत त्याला २४ ग्रॅम मिळतात. व्हेच्या डब्यातून तेवढ्याला ७२ रुपये लागतात.

आता गरज किती, तेही बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात त्यावर साडेनऊ ग्रॅम, आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त. मावशींच्या सुनेला म्हणजे दहाएक ग्रॅमची भर हवी होती. ती भर एका मुठीत, ४० ग्रॅम शेंगदाण्यांत निघते, साडेपाच-सहा रुपयांत. किंवा २० ग्रॅम वड्या भाजीत टाकल्या की अडीच रुपयांत. सातव्या महिन्यापासून दाणे, वड्या आणि दोनतीन दिवसांआड अंडी असं मिळून बसवता येतं. अंगणवाडीतून गरोदर बाईला जो आहार द्यायचा ठरला आहे त्यातही प्रथिनं असली पाहिजेत. तो आहार घरच्या सगळ्यांत वाटून गेला तर तिच्या वाट्याला काय राहणार?

दिवाळीनंतर ज्या बाया तोडीला जातात त्यांना कोपीवर रोज भाजी करायला वेळ नसतो. पहाटे भाकरी आणि चटणी बांधून फडात जायचं असतं. त्यांनी कोयत्याबरोबर डबा नेऊ नये, पाच किलो शेंगदाणे, फुटाणे आणि वड्या न्याव्यात. त्या टिकतात, आणि चटणीत दाण्याचा कूट वाढवायला वेगळी चूल लागत नाही.

दोन गोष्टी मात्र हिशेबाच्या बाहेरच्या आहेत. पहिली, मावशींच्या सुनेचा अशक्तपणा. आम्ही तिला उपकेंद्रात पाठवलं तर रक्त कमी निघालं. रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या लागतात, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. प्रोटीनची पावडर त्या गोळ्यांची जागा घेत नाही. अशक्तपणा वाटला की आधी रक्त तपासा, मग डब्याचं बघा.

दुसरी, ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे त्यानं ना पावडर, ना जास्तीची डाळ, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वाढवू नये. आणि ज्याला गिळता येत नाही, मोठं ऑपरेशन झालंय, आजारानं जेवण सुटलंय, अशांना डॉक्टर पावडर सांगतात तेव्हा ती खरंच उपयोगाची असते. तिथं बंद करू नका. फक्त एवढं विचारा, "डॉक्टर, दिवसाला किती ग्रॅम प्रोटीन जायला पाहिजे?" म्हणजे हिशेब करून ग्रॅमला सगळ्यात स्वस्त पडणारा डबा घेता येईल, आणि चमचा पूर्ण भरता येईल.

मावशींनी दुसरा डबा आणला नाही. त्या ३४० रुपयांत त्यांनी दोन किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो वड्या आणल्या. सून दोन्ही खाते, आणि गोळ्याही घेते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला एक डबा घेऊन या. किंमत भागिले डब्यातली एकूण प्रथिनं, एवढाच हिशेब वहीत मांडा आणि शेजारणीच्या डब्याशी ताडून बघा.