भाकरी थापताना मोबाईल दिला, तर काय चुकलं?

(ग्रामसंघाच्या बैठकीत दाखवलेल्या व्हिडिओतलं बोलणं)

आज लहान मुलांच्या मोबाईलबद्दल बोलायचंय. घाबरू नका, मी ओरडायला आलेली नाही. चुलीवर तवा आहे, घरात दुसरं कुणी नाही आणि दोन वर्षांचं पोर पदर ओढतंय. अशा वेळी मोबाईल दिला, तर पोर विस्तवापासून लांब राहिलं, एवढंच झालं. त्यात तुमचा आळस नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास. पण सगळं एकदम बंद करायला गेलं की चार दिवसांत मोडतं. म्हणून आधी एकच वेळ सोडवा, जेवणाची. मोबाईल बघताना मूल नुसतं तोंड उघडतं. पोट भरलं की नाही, हे त्याला कळत नाही.

आपल्या एका गटातल्या ताईंचा मुलगा अडीच वर्षांचा. मोबाईलशिवाय घास घ्यायचा नाही. ताईंनी स्वयंपाकाच्या वेळचा मोबाईल तसाच ठेवला, फक्त जेवणातला काढला. जेवताना सगळ्यांचे मोबाईल आतल्या खोलीत. मुलाला सगळ्यांसोबत बसवून त्याची वेगळी ताटली दिली, त्यात वरणात कुस्करलेली भाकरी. सांडलं तरी त्याच्याच हातानं. वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताटली उचलायची, आणि मध्ये बिस्कीट द्यायचं नाही.

पहिले दोन दिवस तो दोन-तीन घासच जेवला. तिसऱ्या दिवशी आजोबांना दया आली, त्यांनी मोबाईल दिला. चौथ्या दिवशी रडणं दुप्पट! कारण जास्त रडलं की मोबाईल मिळतो, हे तो शिकला. मग ताईंनी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. पुढच्या आठवड्याभरात तो हातानं जेवायला लागला. अजूनही कधीतरी मागतो, ते चालायचंच.

स्वयंपाकाच्या वेळी मोबाईल द्यावाच लागला, तर ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एकामागून एक व्हिडिओ लागत नाहीत. देण्याआधीच सांगा, “हे गाणं संपलं की मोबाईल झोपणार.” संपल्यावर हातात लगेच काहीतरी द्या, कणकेचा गोळा किंवा डबा आणि झाकण. रिकाम्या हातानं मोबाईल काढून घेतला की भांडण होणारच.

बाहेरगावी कामाला असलेल्या बाबांशी व्हिडिओ कॉल मात्र यात धरू नका. तिथं समोरचं माणूस मुलाला उत्तर देतं.

एक लक्षात ठेवा. मूल दोन वर्षांचं झालं तरी हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल, दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर “मोबाईलमुळे असेल” म्हणून थांबू नका. अंगणवाडी ताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवा. कारण वेगळंही असू शकतं.

पुढच्या बैठकीत सांगा, तुमच्या घरी कोणतं जेवण मोबाईलशिवाय झालं. एक झालं तरी सांगा.