भिंग एक, आकडे अनेक

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढावयास विद्यार्थी प्रथम खिडकीबाहेरील झाडाची प्रतिमा पडद्यावर घेतो आणि २०.४ सेंटिमीटर हा आकडा वहीत दर्ज करतो. परंतु झाड जर अवघ्या १० मीटरांवर असेल, तर किरण पुरते समांतर नसल्यामुळे हे माप किंचित फाजीलच भरणार.

मग प्रकाशपीठावर दिवा व पडदा ९० सेंटिमीटरांवर कायम करून भिंग सरकविले असता, दोन स्थानी सुस्पष्ट प्रतिमा उमटते. मोठ्या प्रतिमेच्या वेळी भिंगापासून दिवा ३०.५ व पडदा ५९.५ सेंटिमीटरांवर भरला, तर अंतरांच्या सूत्राने उत्तर २०.२ येते, लहान प्रतिमेच्या वेळी, ६०.५ व २९.५ या मापांवरून, १९.८. ही तफावत नजरेची नव्हे. दर्शक काटा भिंगाच्या मध्यापासून अर्धा सेंटिमीटर ढळलेला आहे, याचा तो पुरावा होय.

दोन स्थानांमधील ३० सेंटिमीटरांत मात्र ही चूक वजा होते. ९० आणि ३० यांच्या वर्गांची वजाबाकी, ९० च्या चौपटीने भागली, की बरोबर २० मिळतात. म्हणून अहवालात सर्व आकड्यांची सरसकट सरासरी काढणे मला गैर वाटते. झाडाचा आकडा केवळ अंदाजापुरता ठेवावा.