वाढीव विमा रक्कम आणि तिची स्वतंत्र मुदत



आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तीन लाखांची विमा रक्कम दहा लाखांवर नेणारा गृहस्थ बहुधा अशा समजुतीत असतो की, आपली पॉलिसी जुनी आणि तिच्या प्रतीक्षेच्या मुदती केव्हाच पुऱ्या झालेल्या, तेव्हा आता दहाही लाख आपल्या हाताशी आले. कराराचा मजकूर मात्र निराळे सांगतो. रक्कम वाढविल्यास प्रतीक्षा कालावधी वाढीच्या मर्यादेपर्यंत नव्याने लागू होईल, असे त्यात स्पष्ट नमूद असते. आपल्या भागातील उसाच्या नोंदीसारखाच हा प्रकार आहे: एकाच शेतात निम्म्या क्षेत्रावर आडसाली आणि निम्म्यावर सुरू लागण असली, तर कारखाना दोन्हींच्या लागणीच्या तारखा निरनिराळ्या नोंदवितो, आणि शेत एकाच मालकाचे म्हणून सुरूचा ऊस आडसालीच्या वयाचा धरीत नाही.

उदाहरणादाखल इंदापूर तालुक्यातील एक कल्पित बागायतदार घेऊ. 10 जून 2020 रोजी त्याने तीन लाखांची पॉलिसी घेतली आणि खंड न पडू देता चालविली. 2022 पासून त्याचे गुडघे दुखू लागले व औषधोपचारही सुरू झाले. जून 2024 मध्ये त्याने रक्कम दहा लाख केली, म्हणजे सात लाख नवे. पुढे जानेवारी 2025 मध्ये एका गुडघ्याची सांधेरोपण शस्त्रक्रिया होऊन साडेतीन लाखांचे बिल झाले. सांधेरोपण हे बहुतेक करारांत चोवीस महिन्यांच्या प्रतीक्षेच्या यादीत असते. मूळ तीन लाखांसाठी ती मुदत केव्हाच संपली असल्याने तेवढी रक्कम कराराच्या इतर अटींना अधीन राहून देय ठरते; वरचे पन्नास हजार मात्र सात लाखांच्या नव्या हिश्शातून मागावे लागतात, आणि तो हिस्सा जून 2026 पर्यंत या शस्त्रक्रियेला बंद आहे.

किंबहुना तो त्याहूनही अधिक काळ बंद राहील. गुडघ्याचा विकार 2022 मधला, म्हणजे मूळ पॉलिसीच्या दृष्टीने नंतरचा, परंतु रक्कम वाढविण्याच्या तारखेच्या दृष्टीने आधीचा. म्हणून सात लाखांपुरता तो पूर्वीपासूनचा आजार ठरतो. अशा आजारासाठी प्रतीक्षेची कमाल मर्यादा एप्रिल 2024 पासून 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आली आहे, आणि दोन मुदती एकाच वेळी लागू पडत असतील तर त्यांतील दीर्घ मुदत धरावी असा दंडक आहे. करारात 36 महिने असल्यास जून 2027 पूर्वी त्या सात लाखांतून गुडघ्यासाठी छदाम मिळणार नाही. याउलट, याच गृहस्थाला भिगवणजवळ महामार्गावर अपघात होऊन सहा लाखांचे बिल झाले असते, तर अपघाताला या प्रतीक्षा लागत नसल्याने पूर्ण दहा लाखांचे संरक्षण त्याला लाभले असते. नव्याने उद्भवलेल्या साध्या आजारासाठीही वाढीव रकमेला तीस दिवसच थांबावे लागते.

यामागील कारण विमा कंपनीच्या कृपणतेत शोधणे सोपे आहे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. रक्कम केव्हा आणि किती वाढवावी हे ज्याला स्वतःच्या गुडघ्याचे दुखणे ठाऊक असते तोच ठरवितो, आणि शस्त्रक्रिया ठरल्यावर वाढविलेली रक्कम लगेच देय झाली, तर तिचा भार इतरांच्या हप्त्यांवर पडतो. याची उलट बाजू आपल्याच राज्यात पाहावयास मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कौटुंबिक मर्यादा 2023 च्या शासन निर्णयाने दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्यात आली, तेव्हा वाढीव साडेतीन लाखांसाठी कोणा रुग्णावर नवी प्रतीक्षा लादली गेली नाही; कारण ती वाढ कोणी आपले दुखणे पाहून मागून घेतलेली नव्हती. याच न्यायाने, दावा न केल्याबद्दल आपोआप जमा होणारा बोनस ही मागितलेली वाढ नसल्याने, त्याला सामान्यतः ही प्रतीक्षा लागत नाही.

वाढ मागितली की कंपनीला प्रकृतीची नव्याने छाननी करण्याचा, तपासण्या मागण्याचा आणि वाढ नाकारण्याचाही अधिकार असतो. मात्र पूर्वी दावे केले एवढ्याच कारणावरून जुन्या रकमेचे नूतनीकरण ती नाकारू शकत नाही. म्हणून वाढीच्या अर्जात 2020 नंतरचे आजार लपविण्यात मतलब नाही. सलग साठ महिने पुरे झाले की सिद्ध झालेल्या कपटाखेरीज माहिती लपविल्याचा आक्षेप घेता येत नाही, हे संरक्षण मूळ तीन लाखांना जून 2025 मध्ये मिळाले असले, तरी सात लाखांना ते जून 2029 मध्येच मिळेल. तोपर्यंत पॉलिसीच्या पहिल्या तक्त्यात दोन्ही रकमा आपापल्या आरंभ-तारखांसह निरनिराळ्या छापल्या आहेत की नाहीत हे पाहावे, आणि नसल्यास कंपनीकडून तसे लेखी मागून घ्यावे.