चौदा तारखेची जुळवणी

दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटी पोर्टलवर तुमचं जीएसटीआर-2बी तयार होतं. दरमहा विवरण भरणाऱ्या पुरवठादारांनी 11 तारखेपर्यंत भरलेली बिलं त्यात दिसतात. आपली खरेदीवही शेजारी ठेवून ती बिलं पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकानुसार लावून घ्या.

एका हार्डवेअर दुकानदाराचं उदाहरण घेऊ. 50,000 रुपयांचा माल, त्यावर 9,000 रुपये कर. माल आला, पैसेही दिले, पण 2बी मध्ये बिलच नाही. पुरवठादार म्हणाला, “अहो, विवरण तर भरलंय!” तेव्हा त्याच्याकडून भरलेल्या नोंदीची प्रत मागवली. यादीतून सारख्याच नावाचं दुसरं गिऱ्हाईक निवडलं गेलं होतं, म्हणून कर भलत्याच्याच खात्यावर दिसत होता.

ही चूक पुरवठादारालाच पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्त करावी लागते. त्यानंतरच्या 2बी मध्ये बिल दिसेपर्यंत त्या 9,000 रुपयांची वजावट घेता येत नाही. तेवढा कर सध्या खिशातूनच भरावा लागतो. फोनवर विसंबू नका, बिल क्रमांक आणि तारीख लिहून कळवा. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरनंतर, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापासूनच, दुरुस्तीचा मार्ग बंद होतो.