शाळेसाठी क्रोमबुक की विंडोज लॅपटॉप?
(पनवेल येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शाळेसाठी लॅपटॉप घ्यायचे ठरले की समितीच्या बैठकीत आधी किंमत निघते, मग इंटरनेट. माझा आग्रह असा, की आधी कामांची यादी काढा. मराठी शाळेच्या यादीत काही कामं अशी निघतात, जी क्रोमबुकवर होतच नाहीत. त्यांची कारणं नीट समजली तर पैसा योग्य ठिकाणी लागेल.

क्रोमबुक २०११ साली बाजारात आलं. त्याची रचना लिनक्सच्या पायावर उभी आहे आणि सगळा कारभार क्रोम ब्राउझरभोवती चालतो. ऑगस्ट २०२० मध्ये, शाळा बंद असताना, राज्य सरकारने गूगलशी हातमिळवणी करून गूगल क्लासरूम शिक्षकांपर्यंत आणलं. त्या पद्धतीच्या कामाला क्रोमबुक चपखल बसतं. मूल आपल्या खात्याने लॉगिन करतं, काम संपवून बाहेर पडतं आणि त्याच यंत्रावर पुढच्या तासाचं मूल बसतं. निबंध, तक्ते, स्क्रॅच, जिओजेब्रा, व्हिडिओ, यू-डायसची माहिती भरणं, हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. ४ जीबी रॅमच्या स्वस्त विंडोज लॅपटॉपवर अपडेट सुरू झालं की तास तिथेच अडतो. तेवढ्याच रॅमचं क्रोमबुक बहुधा सुरळीत चालतं.

पेनड्राइव्हमधून येणारा शॉर्टकट व्हायरस प्रत्येक संगणक शिक्षकाने पाहिलेला आहे. क्रोमबुकवर तो चालत नाही, कारण विंडोजची .exe फाइल तिथे चालतच नाही. पण हीच भिंत आपल्या कामाच्या प्रोग्रॅमनाही अडवते. टॅली, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची पूर्ण आवृत्ती, सीडॅकचं आयएसएम, मॉड्युलरचं श्रीलिपी, हे सगळं विंडोजसाठी लिहिलेलं आहे. वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये उघडतात, पण एक्सेलच्या फाइलमध्ये मॅक्रो असेल तर तो तिथे चालत नाही.

मराठी शाळेला यातला सर्वांत मोठा फटका फाँटचा बसतो. अनेक शाळांमध्ये जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाचे अहवाल श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेले असतात. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेली नसतात. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा आकार चढवतो. कृतीदेवमधली फाइल क्रोमबुकवर उघडली, की ‘पनवेल’च्या जागी iuosy दिसतं आणि ‘विद्यार्थी’च्या जागी fo|kFkhZ. विंडोजवर तो फाँट बसवला की काम भागतं. क्रोमबुकवर विंडोजसारखा फाँट बसवायची सोय नाही आणि गूगल डॉक्स आपल्या यादीतलेच फाँट वापरतं. फाइलची पीडीएफ केली तर ती छान दिसते, कारण फाँट तिच्यातच भरलेला असतो. पण पुढच्या वर्षी त्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न बदलायचा म्हटलं, तर हात बांधलेले.

आपली फाइल कोणत्या प्रकारची, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. तिच्यातला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात पेस्ट करा. मराठी दिसला तर फाइल युनिकोडमध्ये आहे आणि क्रोमबुकवर निर्धास्त चालेल. रोमन अक्षरं दिसली तर ती आधी बदलून घ्यावी लागेल. हे काम विंडोजच्या यंत्रावर करा: मूळ प्रत बाजूला ठेवा, कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी तपासा. चुका ठरलेल्या जागी होतात. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. म्हणून ‘विद्यार्थी’, ‘मार्च’, ‘वार्षिक’ असे शब्द आधी पाहा. ते बरोबर आले तर बाकीचं बहुतेक बरोबर असतं. गणिताच्या पेपरातली चिन्हं मात्र एकेक करून तपासावीच लागतात.

आता कनिष्ठ महाविद्यालयाकडे येऊ. बारावी विज्ञानाच्या आयटी विषयात पीएचपी आहे. पीएचपीचं पान नुसत्या ब्राउझरमध्ये चालत नाही, त्याला सर्व्हर लागतो. विंडोजवर मुलं झॅम्प बसवतात आणि कामाला लागतात. क्रोमबुकवर सेटिंग्जमधून लिनक्स सुरू करावं लागतं. मग टर्मिनलमध्ये एवढं लिहायचं:

```
sudo apt update
sudo apt install php-cli
php -S localhost:8080
```

शेवटची ओळ मुलाच्या फाइलच्या फोल्डरमधून चालवली आणि त्या फाइलचं नाव index.php असलं, तर ब्राउझरमध्ये localhost:8080 उघडलं की मुलाचं पान दिसतं. म्हणजे काम होतं, पण दोन अडचणी राहतात. लिनक्सला काही जीबी जागा लागते आणि ३२ जीबीच्या क्रोमबुकवर तिची लगेच टंचाई होते. शिवाय शाळेने नियंत्रणाखाली ठेवलेल्या क्रोमबुकवर ॲडमिनने लिनक्स बंद ठेवलेलं असू शकतं. तसं असेल तर मुलाला काहीच करता येत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकायची असेल, किंवा कोणी राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करत असेल, तर त्याला विंडोजच द्या. त्या परीक्षेत वर्ड-एक्सेलवर हात बसलेला लागतो. तो सराव गूगल डॉक्सवर होत नाही.

कार्यालयातला प्रिंटरही पाहून घ्या. कॅननचा एलबीपी २९०० अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षं चालतो. तो कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आणि क्रोमबुकसाठी तो ड्रायव्हर नाही. क्रोमबुक घेण्याआधी आपल्या प्रिंटरचं मॉडेल क्रोमबुकच्या यादीत आहे का, ते बघा.

इंटरनेटबद्दल थोडं. क्रोमबुक ऑफलाइनही चालतं, पण तयारी आधी करावी लागते. डॉक्सची ऑफलाइन सोय प्रत्येक खात्यात आधी सुरू केलेली हवी आणि नव्या मुलाचं पहिलं लॉगिन इंटरनेटशिवाय होतच नाही. पावसाळ्यात लाइट गेली की क्रोमबुक बॅटरीवर चालू राहतं, पण राउटर बंद पडतो. म्हणून क्रोमबुकच्या खरेदीतच राउटरसाठी छोटा यूपीएस धरा.

शेवटी खरेदी. पहिली ते आठवीच्या कक्षासाठी मी क्रोमबुक सुचवेन. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत आणि कार्यालयात विंडोज ठेवा, आणि जुन्या फाइल बदलण्यासाठी क्रोमबुकच्या कक्षालाही एक विंडोज यंत्र द्या. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुनं यंत्र घेताना ते विंडोज ११ ला चालतं का, हे विचारा. क्रोमबुकलाही मुदत असते. २०२१ पासूनच्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं आपल्या खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत. त्या यंत्राचा मूळ हार्डवेअर संच बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची अर्धी वर्षं आधीच संपलेली असू शकतात. दुकानदाराला यंत्र सुरू करायला सांगा, सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली अपडेटची शेवटची तारीख स्वतः वाचा आणि ती तारीख बिलावर लिहून घ्या. तिथेच आपल्या शाळेची एक प्रश्नपत्रिका, एक एक्सेल फाइल आणि यंत्र प्रयोगशाळेसाठी असेल तर बारावीचा एक प्रात्यक्षिक प्रश्न चालवून बघा. हे सगळं चालल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.